उरलेले आठ फोटो

गिरणीत तिला सगळे फोटोबाई म्हणत. वास्तविक तिने आयुष्यात एक धड फोटो काढला नव्हता. स्वतःच्या लग्नात कुणाच्या तरी हट्टाने काढलेल्या एकाच फोटोत नवऱ्याचं डोकं उडालं होतं आणि मागचा पंखा मात्र झकास आला होता. तिचं काम फोटो बघण्याचं. कंपनीच्या तीन गिरण्या आणि नऊ गोदामं. कुठे किडा दिसला की तिथला कोठीवाला मोबाइलवर फोटो काढायचा, फॉर्मवर चढवायचा, आणि फोटोबाई तपासणीच्या खोलीत बसून सांगायची की हा पाहुणा कोण, कुठून आला आणि त्याचं काय करायचं. उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा, असं ती पूर्वी स्वतःच म्हणायची आणि हसायची. अकरा वर्षांत तिने हाकलेली शेळी कधी चुकली नव्हती, हेही खरं.

तपासणीची खोली पॅकिंगच्या वर होती. खाली यंत्र चालू झालं की टेबलावरच्या टाचण्या हलायच्या. खिडकीच्या कडेवर दिवसातून दोनदा पुसलं तरी पिठाचा पापुद्रा बसायचा. एक संगणक, एक भिंग, एक पांढरा दिवा आणि चहाचा कप. त्या कपातला चहा गेले सत्तर दिवस रोज गार होऊन बेसिनमध्ये जात होता.

सत्तर दिवसांपूर्वी तिचा नवरा गेला. सकाळी दाढी करून बाहेर पडला, बँकेच्या रांगेत उभा होता, छातीत कळ आली आणि संपलं. पंधराव्या दिवशी ती कामावर आली. लोकांनी तिच्यासाठी चेहरे तयार ठेवले होते; ती रडली असती तर त्यांची सोय झाली असती. पण ती रडली नाही. तिला रडू येत नव्हतं, त्याला ती तरी काय करणार. बोट दारात चेमटल्यावर सुरुवातीला जसं काहीच कळत नाही, तसं तिचं झालं होतं, फक्त ते ‘सुरुवातीला’ काही संपत नव्हतं.

काम मात्र चालू होतं. त्या दिवशी सकाळी तिने तीन फॉर्म उरकले. पहिल्यात गहू होता, दाण्यांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं, आणि एका दाण्यावर कुशीवर दिसणारा तपकिरी किडा, तोंडापुढे लांब सोंड. तिने टाइप केलं: ‘सोंडकिडा. मादी दाणा कोरून आत अंडं घालते, अळी आतच वाढते. वर दिसतात ते फक्त मोठे झालेले. नुसतं चाळून उपयोग नाही. धुरी द्या.’ दुसऱ्यात मक्याचं पीठ, त्यावर कोळिष्टकासारखी जाळी, आणि भिंतीवर बसलेला एक बारीक पतंग. पंखाचा अंगाकडचा भाग फिका, पुढचा तांब्याच्या रंगाचा. तिने टाइप केलं: ‘पतंग. जाळी धरलेला माल बाजूला काढा. अळ्या कोश करायला माल सोडून वर चढतात. छताचे कोपरे, फळ्यांच्या फटी झाडा.’ तिसऱ्या फोटोत, मोठ्या काळजीने, नाण्याशेजारी ठेवलेला कोंड्याचा एक तुकडा होता. ‘हा कोंडा आहे. जिवंत नाही.’ पूर्वी अशा फोटोवर तिने काहीतरी खवचट लिहिलं असतं आणि कोठीवाल्याने आठवडाभर त्याचा सूड उगवला असता.

तीन वाजता खाली साहेबांच्या खोलीत बैठक होती. तिला बोलावलेलं नव्हतं. पण ती कशाची आहे, हे अख्ख्या गिरणीला माहीत होतं आणि तिला सगळ्यांत जास्त, कारण ती बैठक तिच्या शेऱ्यामुळे होती.

गोष्ट अशी झाली होती. गिरणीच्या पिठाच्या गोदामाचे कोठीवाले म्हणजे कोठीकाका. चौतीस वर्षं त्याच गोदामात, निवृत्तीला आठ महिने उरलेले. माणूस तोंडाचा फटकळ, पण गोदाम असं ठेवायचा की तिथे जमिनीवर बसून जेवावं. फोटोबाईला किड्यांची ओळख याच काकांनी करून दिली होती. ती नवी होती तेव्हा काकांनी तिला पांढऱ्या कागदावर दोन किडे टाकून विचारलं होतं, “यातला पीठ खाणारा कोण आणि दाणा फोडणारा कोण?” तिने चुकीचं उत्तर दिलं होतं. काका म्हणाले होते, “पुस्तकं वाचलीस ना? मग आता बघायला शीक.”

एकोणीस दिवसांपूर्वी एका पाववाल्याने चाळीस पोती पीठ परत पाठवायची धमकी दिली: पिठात किडे आहेत. काका स्वतः त्याच्याकडे गेले, पोतं उघडून पीठ चाळलं, फोटो काढले, थोडं पीठ आणि किडे बरणीत भरून आणले. फोटोबाईने फोटो बघून शेरा मारला: ‘पिठातला तांबडा भुंगेरा.’ आता हा भुंगेरा अख्ख्या, निरोगी दाण्याच्या वाटेला जात नाही. तो पिठात, कण्यांत, सांदीत साचलेल्या भुशात वाढतो. बंद पोत्यात तो निघाला, म्हणजे तो पोतं शिवण्याआधीच तिथे होता. म्हणजे गोदामात कुठेतरी जुनं पीठ साचून राहिलं होतं. म्हणजे कोठीवाल्याने झाडलोट केली नव्हती. एका शेऱ्यातून एवढे सगळे ‘म्हणजे’ निघाले आणि शेवटच्या ‘म्हणजे’वर काका उभे होते. साहेबांनी त्यांना घरी बसवलं. आज तीन वाजता त्यांनी ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ अशा कागदावर सही करायची आणि आठ महिने आधीच मुकाट जायचं, असं ठरलं होतं.

तिला हे कळलं तेव्हा काय वाटलं? काहीच नाही. किडा जो आहे तो आहे, असं तिने मनात म्हटलं आणि पुढचा फॉर्म उघडला. यातलं वाईट तिला आत्ताही दिसत होतं, पण काचेपलीकडचं दिसावं तसं.

पावणेतीनला तिचा मोबाइल वाजला. सासूबाई होत्या. तो फोन ती फक्त सासूबाईंसाठीच उचलायची.

“अगं, फोटो पाठवलाय. बघितलास का?”

“कसला?”

“गव्हाचा डबा उघडला आज. किडलाय बाई. तुझं ते खातं ना, म्हटलं विचारावं. बघ आणि सांग.” एवढं बोलून फोन ठेवलासुद्धा. सासूबाईंचा मुलगा गेला होता, पण त्यांची जीभ आणि हात काही थांबले नव्हते. त्या रडायच्या, भांडी घासायच्या, शेजारणीशी भांडायच्या, पुन्हा रडायच्या. सुनेला त्यांचा हेवा वाटला असता, वाटण्याची सोय असती तर.

तिने फोटो उघडला. अर्ध्या फोटोत सासूबाईंचा अंगठा. उरलेल्या अर्ध्यात स्टीलची थाळी, तिच्यात चार-पाच तपकिरी ठिपके, वरून घेतलेले, पाठ तेवढी दिसतेय, पाय कुठे दिसत नाहीत. दाण्यांची भुकटी आणि धूळ माखलेली. तिने एका सेकंदात लिहिलं: ‘तांबडा भुंगेरा. पिठात होतो. टाकून द्या.’

फोन लगेच वाजला.

“टाकून कसं देऊ? त्यानं आणलेला गहू आहे तो.”

तिने टेबलावरची एक टाचणी सरळ केली.

“आणि पिठात होतो काय? अगं, डबा गव्हाचा आहे! पीठ कुठून आलं त्यात? आणि सोंड आहे की मेल्याला. चांगली हत्तीसारखी.”

“फोटोत सोंड नाही, आई.”

“फोटोत कशी दिसेल? मी थाळी आपटली, तर सगळे पाय पोटाशी घेऊन, मान घालून मेल्यासारखे पडले. म्हटलं, पडलेत तोवर फोटो काढून घ्यावा. आता बघ, उठून चालायला लागले. एक तर थाळीच्या काठावर आला. अगं, शिकलेली ना तू?” सासूबाई जवळजवळ हसत होत्या. “राहू दे. मी निवडते आणि उन्हात घालते.”

“उन्हात घालून वरचे जातील. दाण्यातले राहतील,” ती सवयीने म्हणाली.

“जातील तेवढे जातील,” म्हणत सासूबाईंनी फोन ठेवला.

ती फोन हातात धरून बसली. सोंडकिडा दचकला की मेल्याचं सोंग घेतो, पाय आणि सोंड पोटाखाली ओढतो, हे तिला कामाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. म्हणूनच नियम होता: पाठीवरून कधी ठरवायचं नाही, कुशीवरचा फोटो मागायचा. पाठीवर पीठ माखलेलं असलं की सोंडकिड्याच्या पाठीवरचे चार फिके डागही झाकले जातात, मानेमागचे खळगेही बुजतात, आणि मग तो आणि भुंगेरा यांत लांबून फारसा फरक उरत नाही. हा नियम तिने नव्या कोठीवाल्यांना शंभरदा शिकवला होता. आज तिने तो मोडला होता. आणि आजच मोडला होता असं नाही.

तिने संगणकावर एकोणीस दिवसांपूर्वीचा फॉर्म उघडला. काकांचे तीन फोटो. पांढरा कागद, त्यावर पिठाची पूड, तपकिरी किडे, सगळे वरून घेतलेले. दोन फोटो तर हललेले. काकांची सवय तिला माहीत होती: किडे कागदावरून पळू नयेत म्हणून फोटोआधी कागदाखालून टिचकी मारायची. तिसऱ्या फोटोत चाळणीत उरलेला सगळा गाळ होता. तिने तो मोठा केला. अळी नाही. कात नाही. जिथे भुंगेरा पिठात वाढतो, तिथे त्याच्या पिवळट अळ्या, शेपटीला दोन टोकं असलेल्या, आणि त्यांच्या काती हमखास सापडतात. पोरांशिवायचं घर तो मांडत नाही. इथे नुसते प्रौढ. एकोणीस दिवसांपूर्वी हे तिच्या डोळ्यांसमोर होतं.

फॉर्मवर तीनच फोटो चढतात. सगळे कोठीवाले तीनच पाठवतात आणि सुटतात. काका मात्र नेहमी दहा-बारा काढायचे, त्यांचा एकेक किडा म्हणजे लग्नाचा आल्बम असायचा, आणि जे फॉर्मवर मावत नाहीत ते तिच्या स्वतःच्या मोबाइलवर पाठवायचे. ते बघितल्याशिवाय तिने काकांच्या फॉर्मवर कधी सही केली नव्हती.

तिने मोबाइलवर निरोपांची यादी खाली सरकवली. दोनशे चौदा न उघडलेले निरोप. ‘बातमी कळली.’ ‘शब्द नाहीत.’ ‘धीर धर.’ ‘जेवतेस ना?’ त्यांतला एकही तिने उघडला नव्हता. ते काय म्हणतात ते न उघडताच कळत होतं. आणि मध्येच काका. आठ फोटो, आणि खाली एक ओळ: ‘बाळ, फॉर्मवर तीन चढवलेत, हे उरलेले आठ. घाई नाही.’

तिने ते एकेक करून उघडले. पहिल्यात किडा कुशीवर, सोंड शाईने काढावी इतकी स्वच्छ. दुसऱ्यात तोच, पोटाकडून. तिसऱ्यात पाठीवरचं पीठ काडीने पुसलेलं, चार फिके डाग. चौथ्यात पोत्याच्या शिवणीवरून आत शिरणारा एक. पाचव्यात गिरणीच्या गोदामातल्या, त्याच वेळी दळलेल्या पिठाची चाळणी, साफ, एकही किडा नाही. सहा, सात आणि आठ पाववाल्याच्या कोठीचे. पोत्यांच्या थप्पीला खेटून एक पत्र्याचं पिंप, झाकण नसलेलं. आत गहू, कारण हा पाववाला एका जाड पावासाठी गहू स्वतःच भरडायचा. आणि ओंजळीत घेतलेले दाणे, निम्म्यांना गोल भोकं. सोंडकिडा मोकळ्या पिठात वाढत नाही, त्याला अख्खा दाणा लागतो. तो त्या पिंपातून निघाला होता आणि शेजारच्या पोत्यांत घुसला होता. गिरणीचा काही संबंध नव्हता. काकांचा तर नव्हताच.

फोटो आले होते सकाळी अकरा वीसला. तिचा शेरा गेला होता अकरा चाळीसला.

घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. ती उठली. जिन्याने उतरताना तिला स्वतःचे पाय दिसत होते. धावावं असं वाटत नव्हतं, पण ती धावत होती.

साहेबांच्या खोलीत साहेब, काका आणि मधे कागद. साहेब सहा महिन्यांपूर्वी आलेले, तरुण, इस्त्रीचे. वाईट माणूस म्हणता येणार नाही. कागदावर जे लिहिलेलं असेल त्याच्याशी ते अतिशय प्रामाणिक होते. काका खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. नवा शर्ट, हातात पेन. त्यांनी दाराकडे बघितलं आणि लगेच मान वळवली. तिला वाटलं, सही झाली.

“सही झाली का?” तिने विचारलं.

“बाई, ही बैठक...”

“शेरा चुकलाय, साहेब. तो भुंगेरा नाही. सोंडकिडा आहे. माझी चूक आहे.”

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. “असं कसं? फोटो तुम्हीच बघितलेत.”

“तीन बघितले. अकरा होते.” तिने मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला आणि एकेक फोटो सरकवत सांगितलं, जशी ती नव्या कोठीवाल्यांना सांगायची: ही सोंड, हे डाग, हे पिंप, ही भोकं. तिचा आवाज सपाट होता. साहेब ऐकत होते, पण त्यांचा चेहरा काही खुलेना.

“म्हणजे एकोणीस दिवसांपूर्वी फोटोवरून भुंगेरा होता आणि आज फोटोवरून सोंडकिडा. उद्या पाववाला म्हणेल, तुमच्या माणसाला वाचवायला तुम्ही किडाच बदललात. गव्हाबरोबर किडेही रगडले जातात, एखादा निर्दोष भरडला जातो, हे मलाही कळतं, बाई. पण माझ्यापुढे तुमच्याच शेऱ्याचा कागद आहे.”

“फोटो नको. बरणी काढा.”

बरणी साहेबांच्याच कपाटात होती. तोंडाला बारीक जाळीचं कापड, त्यावर दोरा, दोऱ्यावर लाख, आणि चिठ्ठीवर पाववाल्याची, गाडीच्या ड्रायव्हरची आणि काकांची सही. साहेबांनी लाख फोडली. तिने टेबलावर कोरा कागद पसरला आणि बरणी पालथी केली. पीठ पडलं, त्याबरोबर पंधरावीस किडे पडले. एकही हलेना.

“हे तर मेलेत,” साहेब म्हणाले.

“काही मेले असतील. थांबा.”

ती आणि साहेब त्या कागदावर वाकले. खाली यंत्र चालू होतं, कागद बारीक थरथरत होता. साहेबांनी घड्याळ बघितलं. काकांनी काहीच बघितलं नाही. ते पेनाचं टोपण लावत आणि काढत होते. अर्धं मिनिट गेलं, मग एक. मग एका तपकिरी ठिपक्याला पाय फुटले. तो उलटा होता, त्याने हवेत पाय मारले, पिठाचा आधार धरला, सुलटा झाला आणि चालू लागला. त्याच्यामागे दुसरा. तिने सवयीने भिंगासाठी हात पुढे केला, मग आठवलं की भिंग वरच राहिलंय. काकांनी खिशातून आपलं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

तिने ते साहेबांच्या हातात दिलं. “तोंड बघा.”

साहेबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. “सोंड आहे,” ते म्हणाले. माणूस प्रामाणिक होता, हे आधी सांगितलंच.

“आता पीठ बघा. बरणी एकोणीस दिवस या गरम खोलीत आहे. भुंगेरे असते तर एवढ्यात त्यांची अंडी फुटून पिठात बारीक अळ्या वळवळल्या असत्या. एक दाखवा.”

साहेबांनी पेन्सिलीने पीठ पसरलं, उलटसुलट केलं. एकही अळी नव्हती. त्यांनी काकांपुढचा कागद ओढून घेतला. त्यावर सही नव्हती. काकांचं पेन चाललं नव्हतं की हात चालला नव्हता, देव जाणे. साहेबांनी कागद फाडला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

“काका, उद्यापासून या,” ते म्हणाले. “मी पाववाल्याला पत्र लिहितो.” मग त्यांनी आवाज मऊ केला. गेले सत्तर दिवस सगळे तिच्याशी याच आवाजात बोलत होते. “आणि बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्यावर जे कोसळलं, त्यात असं व्हायचंच. आम्ही सगळे समजू शकतो. काकाही समजू शकतील.”

“मी नाही समजू शकत,” काका म्हणाले.

ते उभे राहिले होते. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तो असा निघाला की साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

“एकोणीस दिवस. मी ह्यांना सांगितलं, सोंडे आहेत साहेब, तर हे म्हणाले, तुम्ही यात स्वतःच पार्टी आहात, तुमचं कसं धरायचं, बाईंचा शेरा वेगळा आहे. मी घरी गेलो. मला वाटलं, हिने अकराच्या अकरा बघितलेत. कारण ही न बघता लिहीत नाही. मग बघून असं का लिहिलं? म्हटलं, कुणीतरी सांगितलं असेल. म्हाताऱ्याला काढायचाय म्हणाले असतील. मी शिकवलेली पोरगी विकली गेली, असं समजून मी एकोणीस दिवस घरात बसलो. बायकोला कारण सांगितलं नाही. काय सांगणार?”

“मी उघडलेच नव्हते, काका.”

“ते कळलं आत्ता. ते जास्त वाईट आहे. विकली गेली असतीस तर निदान तुला काही मिळालं तरी असतं.”

“काका, जाऊ द्या,” साहेब म्हणाले. “त्यांचे मिस्टर...”

“मला माहीत आहे. मी खांदा दिलाय.” काका तिच्याकडेच बघत होते. “नवरा गेला तुझा. डोळे नव्हते गेले. चौतीस वर्षं होती माझी त्या कागदावर. तू फोटो उघडायला आळस केलास आणि मी चोर ठरलो. आता हे सगळे म्हणतील, बिचारी. मी नाही म्हणणार. मला राग आलाय तुझा. भयंकर राग आलाय.”

तिने मान हलवली. “हो,” ती म्हणाली. तिला पुढे म्हणायचं होतं की चुकलं, पण त्याऐवजी जे आलं ते शब्द नव्हते. आधी तिला लाज वाटली, काकांवर आलेल्या एकोणीस दिवसांची, त्या आठ फोटोंची. ती लाज तापलेल्या पळीसारखी लागली. आणि ती लागते न लागते तोच तिच्यामागून दुसरं सगळं आलं. सकाळी दाढी करून गेलेला माणूस. बँकेची रांग. त्याने आणलेला गहू. तो मेला होता. सत्तर दिवस ती हे लोकांना सांगत होती आणि आता पहिल्यांदा तिला ते कळत होतं, आणि ते फार दुखत होतं. ती टेबलाला धरून मोठ्याने रडायला लागली. कुणी ऐकेल म्हणून तोंड दाबलं नाही, नाक पुसलं नाही. कागदावरचे किडे दचकून पुन्हा पाय ओढून पडले.

साहेब गडबडले. “पाणी आणतो,” असं म्हणून ते स्वतःच बाहेर गेले, आणि बराच वेळ आले नाहीत.

काकांनी तिला शांत हो म्हटलं नाही. पाठीवर हात ठेवला नाही, आणि मघाचं काही परतही घेतलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले, आणि तिचं रडून होईपर्यंत उठले नाहीत. राग तसाच होता.